फी किती, वेळ कोणती: जर्मनच्या परीक्षेतलं एक पत्र

जर्मन शिकणाऱ्या माणसाला परीक्षेत औपचारिक पत्र लिहायला सांगतात, ते पुष्कळदा जर्मन शिकवणाऱ्या एखाद्या संस्थेलाच. प्रश्नपत्रिकेत चार ओळींची जाहिरात छापलेली असते: अमुक शहरातली भाषासंस्था, उन्हाळी कोर्स, लहान गट, अनुभवी शिक्षक, अधिक माहितीसाठी लिहा. खाली चार मुद्दे. त्यांच्या आधारानं संस्थेला पत्र लिहायचं आणि फी, वेळा वगैरे विचारून घ्यायचं. घरबसल्या फोनवर दोन मिनिटांत होणारं काम. पण बी-वन पातळीच्या परीक्षेत याच कामावर पुष्कळ गुण जातात, आणि ते जर्मन कच्चं असल्यामुळे जातात असंही नाही.

पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावर रानडे इन्स्टिट्यूटमध्ये किंवा मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकायला येणाऱ्यांमध्ये परदेशी शिकायला निघालेले विद्यार्थी असतात, इंजिनिअर असतात आणि आता नर्सिंग झालेल्या मुलीही असतात. जर्मनीत आधीच जाऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांनाही बी-वन चुकत नाही, कारण जर्मन नागरिकत्वासाठी सर्वसाधारणपणे हीच पातळी मागतात. युरोप परिषदेनं २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भाषापातळ्यांच्या आराखड्यात बी-वन ही मधली पायरी आहे. इथवर पोचलेल्या माणसानं रोजच्या व्यवहारातली अडचण स्वतःच्या भाषेत मांडावी आणि हवी ती माहिती मिळवावी, एवढी अपेक्षा असते. कोर्सच्या चौकशीचं पत्र या अपेक्षेत चपखल बसतं. त्यात साहित्य नाही, वाद नाही. गरज कुणाची, विचारायचं कुणाला आणि काय, हे सगळं स्वच्छ असतं.

बी-वनच्या दोन परीक्षा विशेष माहितीच्या आहेत. एक गोएथे संस्थेची. ही परीक्षा ऑस्ट्रियाची ओएसडी ही परीक्षासंस्था आणि स्वित्झर्लंडमधलं फ्रिबोर विद्यापीठ यांच्यासोबत तयार झाली आणि २०१३ पासून चालू आहे. दुसरी टेल्कची. चौकशीचं पत्र ऐसपैस स्वरूपात बघायचं तर ते टेल्कच्या परीक्षेत. तिथे लेखनाला ३० मिनिटं आणि ४५ गुण असतात, आणि एकच पत्र किंवा ई-मेल लिहायचा असतो. हा भाग येतो शेवटी, म्हणजे वाचन आणि व्याकरणाची ९० मिनिटं आणि श्रवणाचा साधारण अर्धा तास झाल्यावर. डोकं तोवर चांगलंच शिणलेलं असतं.

अशाच धर्तीचा एक प्रश्न घेऊ. जाहिरात फ्रायबुर्गमधल्या भाषासंस्थेची, कोर्स जुलै-ऑगस्टमधला, सकाळी आणि संध्याकाळी. मुद्दे चार: राहण्याची सोय, लिहिण्याचं कारण, कोर्सच्या वेळा, फी. मुद्द्यांचा क्रम मुद्दामच विस्कटलेला असतो. तो लावून घेणं हाही परीक्षेचा भाग आहे. लिहिणारी सांगलीकडची एक नर्स आहे असं समजू. पुण्यात बी-वनची तयारी करते आणि पुढे जर्मनीत नोकरीला जाणार आहे.

तिचा पहिला कच्चा मसुदा मराठीत आणला तर साधारण असा दिसतो. ‘नमस्कार! माझं नाव अमुक. मी २६ वर्षांची आहे. मी भारतातून येते. माझ्या घरी चार माणसं आहेत. मला जर्मन भाषा खूप आवडते. तुमची जाहिरात वाचली, खूप छान आहे. कोर्स कधी असतो? फी किती आहे? राहायची सोय आहे का? लवकर उत्तर द्या. बाय!’

यात व्याकरणाची चूक एकही नसली तरी पत्र फसलेलं आहे. निम्मी जागा स्वतःची ओळख करून देण्यात गेली, कारण पहिल्या पातळीपासून ‘माझी ओळख’ हा परिच्छेद तोंडपाठ झालेला असतो. घरी चार माणसं आहेत याचा कोर्सच्या वेळेशी संबंध नाही. जो संबंध आहे, म्हणजे तिची ड्युटी कधी सुटते, तो कुठे आलाच नाही. आणि प्रश्न असे आहेत की संस्थेला उत्तरादाखल आपलं छापील माहितीपत्रक पाठवण्यापलीकडे काही करता येणार नाही. ‘कोर्स कधी असतो?’ याचं उत्तर जाहिरातीतच होतं: जुलै-ऑगस्टमध्ये, सकाळी आणि संध्याकाळी.

उलट टोकाची चूकही होते, आणि ती जास्त करून सरकारी पत्रव्यवहार पाहिलेल्यांकडून. ‘वरील विषयास अनुसरून आपणांस नम्र विनंती करण्यात येते की’ या चालीवर ते जर्मन वाक्य रचायला जातात. वाक्य तीन ओळींचं होतं, क्रियापद वाटेत हरवतं. जर्मन औपचारिकता तशी आटोपशीर असते. ती मायन्यात असते, ‘झी’ या आदरार्थी सर्वनामात असते आणि प्रश्न विचारायच्या पद्धतीत असते. बाकी पत्र सरळच असावं लागतं.

तेच पत्र नीट केलं तर कसं होईल?

‘महोदया, महोदय,

आपली जाहिरात वाचली. मी भारतात परिचारिका म्हणून काम करते आणि १ जुलैपासून फ्रायबुर्गमधल्या एका रुग्णालयात रुजू होणार आहे. माझं जर्मन सध्या बी-वन पातळीचं आहे. पुढच्या पातळीचा कोर्स आपल्याकडे करावा असा विचार आहे.

माझी ड्युटी दुपारी अडीचला संपते, त्यामुळे मला संध्याकाळचाच कोर्स जमेल. तो आठवड्यातून किती दिवस असतो आणि किती वाजता सुरू होतो, हे कृपया कळवाल का? कधी मला दुपारपाळीही असते. बुडालेला तास दुसऱ्या गटात बसून भरून काढता येतो का?

कोर्सची फी किती आहे आणि तीत पुस्तकं धरलेली आहेत का, हेही कळलं तर बरं होईल. फी दोन हप्त्यांत भरता येईल का?

आणखी एक विचारायचं होतं. पहिले दोन महिने मला खोली हवी आहे. आपण राहण्याची सोय करून देता का, आणि भाडं महिन्याला किती पडतं?

आपल्या उत्तराची वाट पाहते.’

खाली ‘मिट फ्रॉइंडलिखेन ग्र्यूसेन’, म्हणजे स्नेहपूर्वक नमस्कार, आणि त्याखाली नाव. जर्मन पद्धतीत या समारोपाच्या शब्दांनंतर स्वल्पविराम नसतो. मायन्यानंतर मात्र असतो, आणि तिथे एक गंमत आहे. ‘झेर गेएर्टे डामेन उंड हेरेन’ लिहून स्वल्पविराम दिला की वाक्य अजून चालूच आहे असं जर्मन मानतं. म्हणून पुढची ओळ नवी असली तरी तिचं पहिलं अक्षर लहान लिपीतलं काढायचं. इंग्रजी पत्राची सवय असलेला हात इथे हमखास मोठं अक्षर काढतो.

या पत्रात प्रत्येक प्रश्नाच्या आधी एक कारण आहे. ड्युटी अडीचला संपते, म्हणून संध्याकाळचा कोर्स. पाळी बदलते, म्हणून बुडालेल्या तासाचा प्रश्न. दोन महिने खोली हवी, म्हणून भाड्याचा. परीक्षकाला यातून दोन गोष्टी दिसतात: मुद्दा नुसता उल्लेखून सोडलेला नाही, आणि वाक्यं एकमेकांना धरून आहेत. संस्थेत ई-मेल वाचणाऱ्या माणसालाही तेवढंच हवं असतं. सकाळचा कोर्स हिला सुचवण्यात अर्थ नाही हे त्याला लगेच कळतं.

टेल्कचे गुण तीन निकषांवर दिले जातात. मजकूर, मांडणी आणि भाषेची शुद्धता. प्रत्येकाला ५, ३, १ किंवा शून्य गुण, आणि शेवटी बेरजेला तिनानं गुणायचं. म्हणून एकूण ४५. मजकुराच्या निकषात चारही मुद्दे हवे तेवढे आले तर ५, तीन आले तर ३. म्हणजे वेळ संपली म्हणून राहण्याची सोय विचारायची राहिली, तर गुणाकारानंतर १५ चे ९ होतात. एका विसरलेल्या प्रश्नाची किंमत सहा गुण. किरकोळ व्याकरणचुका इतक्या महाग पडत नाहीत, जोवर वाचणाऱ्याला अर्थ लागतो आहे तोवर. तरी उमेदवार शेवटची पाच मिनिटं शब्दांची लिंगं तपासण्यात घालवतात आणि चार मुद्दे बोटांवर मोजायचं राहून जातं.

पाठ केलेल्या पत्रांचाही इथे बोजवारा उडतो. बाजारात आणि क्लासच्या नोट्समध्ये चौकशीपत्राचे साचे मिळतात, आणि मायना, समारोप, आभार यांसाठी ते उपयोगी आहेतच. पण साच्यातलं ‘मला आपल्या कोर्सविषयी अधिक माहिती हवी आहे’ हे वाक्य तिथेच थांबतं. कुठली माहिती, कशासाठी, हे साचा सांगत नाही. साचा जितका लांब तितके स्वतःचे शब्द कमी. आणि शेकडो उत्तरं वाचलेल्या परीक्षकाला पहिल्या तीन ओळींची सफाई आणि चौथ्या ओळीतली धडपड यांतला फरक लगेच जाणवतो.

भाषेच्या बाजूनं या पत्रातली खरी कसोटी एकच आहे: नम्र प्रश्न. ‘कोर्सची फी किती?’ असं थेट विचारलं तर जर्मनमध्ये क्रियापद दुसऱ्या जागी येतं: ‘वी फील कोस्टेट डेर कुर्स?’ पण ‘कृपया कळवाल का’ असं आधी जोडलं की पुढचा प्रश्न उपवाक्य होतो आणि क्रियापद सरळ शेवटी जातं: ‘क्योन्टेन झी मिर बिटे मिटटाइलेन, वी फील डेर कुर्स कोस्टेट?’ बी-वनला बसणारे अनेकजण इथे ‘वी फील कोस्टेट डेर कुर्स’ हेच पुढे चिकटवून देतात. थेट प्रश्न इतका पाठ झालेला असतो की तो जसाच्या तसा बाहेर पडतो.

खरं तर मराठी माणसाला इथे फायदा घेता येतो. ‘कोर्सला किती फी पडते’ या वाक्यात मराठी क्रियापद शेवटीच असतं. आपण आयुष्यभर वाक्याचा निकाल शेवटच्या शब्दावर ठेवत आलो आहोत. पण शाळा-कॉलेजात आपण दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकलेलो असतो, आणि तिसरी भाषा लिहिताना हात इंग्रजीची वाट धरतो. इंग्रजीवरून जर्मनवर जाण्याऐवजी मराठीवरून गेलं तर उपवाक्याचा हा घाट सोपा आहे. मुख्य वाक्याला मात्र ही युक्ती लावायची नाही. तिथे क्रियापद दुसऱ्या जागीच हवं, नाहीतर भलतीच चूक गळ्यात पडते.

दुसरी जागा आदरार्थी सर्वनामाची. ‘झी’ म्हणजे ‘आपण’, पण लहान अक्षरानं सुरू केलं तर तोच शब्द ‘ती’ किंवा ‘ते’ या अर्थाचा होतो. ‘आपण राहण्याची सोय करता का’ ऐवजी ‘ते राहण्याची सोय करतात का’ असं होऊन बसतं. ‘तुमचा’, ‘तुम्हाला’ या अर्थाची रूपंही औपचारिक पत्रात मोठ्या अक्षरानं सुरू करावी लागतात. मराठी लिपीत लहान-मोठी अक्षरं नसल्यानं ही खूण आपल्या डोळ्यांना सवयीची नसते. मध्येच कुठे अनौपचारिक ‘डू’ डोकावला तर ते आणखी वाईट. ‘महोदय’ म्हणून सुरुवात केलेल्या पत्रात चौथ्या ओळीला ‘अरे, तू खोली देतोस का’ असं विचारल्यासारखं ते वाचलं जातं.

परीक्षेपुरतं पत्र इथे संपतं, कारण उत्तर कुणी पाठवत नाही. पण हीच नर्स खरोखर फ्रायबुर्गला निघाली आणि तिनं खरोखर असं पत्र पाठवलं, तर येणारं उत्तर वाचायलाही थोडी तयारी लागते. पहिली गोष्ट वेळेची. औपचारिक उत्तरात १८.३० असं चोवीस तासांच्या घड्याळानं लिहितील, त्यात गोंधळ नाही. पण फोनवर कुणी ‘हाल्ब झीबेन’ म्हणालं, तर शब्दशः ते ‘अर्धं सात’, आणि अर्थ साडेसहा. सातची वाट अर्धी चाललेली आहे असा तो हिशोब. साडेसात ऐकून जाणाऱ्याचा पहिला तास पुरा उलटून गेलेला असतो.

दुसरी गोष्ट तासाची. जर्मन भाषासंस्था कोर्स ‘उंटररिख्ट्स-आइनहाइट’मध्ये मोजतात, आणि ही एक तासिका सहसा ४५ मिनिटांची असते. समजा उत्तर आलं की संध्याकाळचा कोर्स आठ आठवड्यांचा, आठवड्यातून दोन दिवस, दर दिवशी चार तासिका, फी ४८० युरो. एकूण ६४ तासिका झाल्या. पण घड्याळाचे तास भरतात ४८. तासिकेला साडेसात युरो वाटणारी फी तासाला १० युरो पडते. यात फसवणूक काही नाही. माहितीपत्रकात तासिका किती मिनिटांची ते दिलेलं असतं. दोन संस्थांची तुलना करताना मात्र दोन्हीकडचा आकडा मिनिटांत आणूनच करावी, कारण एखादी संस्था ६० मिनिटांचा तास धरत असेल तर तिची फी वरवर महाग दिसेल आणि प्रत्यक्षात नसेल.

आकड्यांत आणखी एक खोच आहे. जर्मनीत हजाराच्या जागी टिंब देतात आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम. सकाळच्या सघन कोर्सची फी १.२०० युरो असं लिहिलेलं असेल तर ते बाराशे युरो. एक युरो वीस सेंट समजून कुणी खूश होणार नाही हे खरं, पण ९७,५० सारखा पुस्तकांचा आकडा पाहून नऊ हजार सातशे पन्नास वाचणारे निघतात आणि घाबरून दुसरी संस्था शोधू लागतात. फीबरोबर काय काय येतं हेही उत्तरात शोधायचं. पुस्तकं बहुधा वेगळी घ्यावी लागतात, आणि कोर्सच्या शेवटी प्रमाणपत्र-परीक्षा द्यायची असेल तर तिचं शुल्क सहसा कोर्सच्या फीत नसतं. सांगलीच्या नर्सनं परीक्षा शुल्काबद्दल विचारलं नव्हतं. खऱ्या पत्रात हा प्रश्न घालायला हवा होता.

उत्तरात एक मागणीही असण्याचा संभव असतो: प्रवेशापूर्वी पातळी ठरवणारी चाचणी द्या. बी-वनचं प्रमाणपत्र हातात असलं तरी काही संस्था ही चाचणी घेतात, कारण प्रमाणपत्र मिळून वर्ष झालं असेल तर भाषा मधल्या काळात गंजलेली असते. पत्रात आपली पातळी आणि ती कधी मिळवली हे आधीच लिहिलं असेल तर निदान पुढचा एक ई-मेल वाचतो.

गोएथेच्या परीक्षेत हेच कौशल्य फार थोड्या जागेत दाखवावं लागतं. तिथे लेखनाच्या ६० मिनिटांत तीन कामं असतात: मित्राला ई-मेल, एखाद्या विषयावर स्वतःचं मत आणि शेवटी अर्ध-औपचारिक ई-मेल. हा तिसरा ई-मेल साधारण ४० शब्दांचा आणि १०० पैकी २० गुणांचा. चाळीस शब्दांत मायना आणि समारोप धरले की मजकुराला जेमतेम तीन-चार वाक्यं उरतात. सांगलीच्या नर्सचं पत्र तिथे असं आटेल: संध्याकाळच्या कोर्सची जाहिरात वाचली, ड्युटी अडीचला संपत असल्यानं तोच जमेल, कोर्स किती वाजता सुरू होतो आणि फी किती हे कळवाल का, आभार. प्रश्न दोनच उरले, पण ‘ड्युटी अडीचला संपते’ हे कारण शिल्लक राहिलं. जागा कमी पडली की बहुतेकजण नेमकं तेच आधी कापतात आणि ‘मला आपली संस्था फार आवडली’ तेवढं ठेवतात.

परीक्षेत आणि बाहेर, दोन्हीकडे होणारी आणखी एक गफलत उरते. चौकशी करता करता उमेदवार पत्राच्या शेवटी ‘माझं नाव या कोर्ससाठी नोंदवून घ्यावं’ असं लिहून टाकतो. परीक्षेत ते विषयाला सोडून जातं, कारण फी माहीत नसताना कुणी नाव नोंदवत नाही. खऱ्या व्यवहारात गोष्ट पैशाशी येऊन ठेपते. चौकशी कुणालाच बांधत नाही, पण जर्मन संस्थेत लेखी नोंदणी बंधनकारक मानली जाते आणि ती रद्द करायची तर ठरलेल्या मुदतीत करावी लागते. मुदत टळली की फीचा काही भाग, कधी सगळीच फी, द्यावी लागते. ती मुदत किती दिवसांची, हे नोंदणीचा फॉर्म भरण्याआधी वेगळ्या ई-मेलमध्ये विचारायचं, आणि तोही प्रश्न क्रियापद शेवटी ठेवून.